आठपैकी तीन

पूर्वपरीक्षेचे पेपर वाटले त्या दिवशी संध्याकाळी एक मुलगी वडिलांना घेऊन स्टाफरूममध्ये आली. बारावी, इतिहास. वडिलांच्या हातात उत्तरपत्रिकेचं चौथं पान उघडंच होतं. "सर, हिच्या उत्तरात चूक कुठे आहे ते दाखवा. पुस्तकाशी ताडून पाहिलंय मी. एकही साल चुकलेलं नाही. मग आठपैकी तीनच का?"

त्यांचं म्हणणं खरं होतं. साल एकही चुकलं नव्हतं, आणि तरीही तीन मार्कांवर मला चौथा देता आला नव्हता.

प्रश्न होता, '१८७५ च्या दख्खनमधील शेतकरी उठावाची कारणे व परिणाम स्पष्ट करा.' आणि उत्तर असं:

'१८५९ मध्ये मुदतीचा कायदा झाला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. त्यानंतर कापसाचे भाव वाढले. १८६५ मध्ये युद्ध संपले. त्यानंतर कापसाचे भाव पडले. १८६७ मध्ये इंदापूर तालुक्यात शेतसारा वाढला. १८७४ मध्ये करडे गावात सावकारांवर बहिष्कार टाकला गेला. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे उठाव झाला. शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. त्यानंतर उठाव अहमदनगर जिल्ह्यात पसरला. १८७८ मध्ये आयोगाचा अहवाल आला. १८७९ मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा झाला.'

बारा वाक्यं. प्रश्नात 'घटनाक्रम लिहा' असं असतं तर मी डोळे झाकून सात दिले असते. पण प्रश्नातलं क्रियापद होतं 'स्पष्ट करा', आणि त्या बारा वाक्यांत स्पष्ट असं काहीच झालेलं नव्हतं. दुसरी गोष्ट सोडाच, अमेरिकेतल्या युद्धाचा आणि सुप्याच्या बाजाराचा एकमेकांशी संबंध काय, हेही उत्तर सांगत नव्हतं. आमच्याकडे मुलांच्या डोक्यात एक हिशेब पक्का बसलेला असतो: आठ मार्क म्हणजे आठ मुद्दे. हिने बारा दिले होते. वडिलांना वाटत होतं, चार मुद्दे फुकट दिले आणि वर पाच मार्क कापले!

मी त्या मुलीला खुर्ची दिली आणि एकच विचारलं. "अगं, युद्ध संपलं पासष्ट साली. भाव तेव्हाच पडले. मग लोकांनी वह्या पंच्याहत्तर साली का जाळल्या? दहा वर्षं काय करत होते?"

ती उत्तराकडे बघत राहिली. तिच्या यादीत १८६७ आणि १८७४ च्या मध्ये काहीच नव्हतं. यादीची हीच गंमत असते. दोन ओळींमधली सात वर्षं आणि दोन ओळींमधले सात दिवस कागदावर सारखेच दिसतात, त्यामुळे मध्ये काही राहून गेलंय अशी शंकाही येत नाही. 'त्यानंतर' म्हटलं की वाक्य पुढे सरकतं. 'त्यामुळे' म्हणायला गेलं की अडखळतं, आणि जिथे अडखळतं तिथेच खरं उत्तर दडलेलं असतं.

त्या दहा वर्षांचं उत्तर तिच्याच उत्तरात होतं, पहिल्या वाक्यात. तिने ते फक्त सालाप्रमाणे सगळ्यांत वर लिहून टाकलं होतं, उठावापासून सगळ्यांत लांब.

१८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. तीन वर्षांत सावकाराने वसुली केली नाही, तर त्या रोख्यावर कोर्टात दाद मागता येणार नाही. सरकारचा हेतू चांगला होता: वर्षानुवर्षं व्याज साचत जाऊ नये, सावकाराने जुनी खतं उकरून काढून कुणब्याला गाडू नये. झालं उलटं. सावकार तिसऱ्या वर्षी कुळाला बोलवायचा आणि नवं खत लिहून घ्यायचा. त्या नव्या खतात जुनं मुद्दल आणि तीन वर्षांचं थकलेलं व्याज मिळून जी रक्कम व्हायची ती मुद्दल म्हणून लिहिली जायची. व्याजावर व्याज सुरू.

फळ्यावर मी आकडे मांडले. समजा शंभर रुपयांचं कर्ज, साल दरशेकडा पंचवीस व्याज, आणि कुळाने काहीच फेडलं नाही. तीन वर्षांचं व्याज पंचाहत्तर, म्हणजे नवं खत एकशे पंचाहत्तरचं. पुढच्या तीन वर्षांनी ते तीनशे सहा रुपयांवर जातं. नऊ वर्षं पुरी होतात तेव्हा पाचशे छत्तीस. खतं बदललीच नसती आणि साधं व्याज चालू राहिलं असतं, तर याच नऊ वर्षांत देणं सव्वातीनशे झालं असतं. आणि आपल्याकडे ज्याला दामदुप्पट म्हणतात, म्हणजे व्याज मुद्दलाहून वर जाऊ नये हा जुना रिवाज, तो पाळला गेला असता तर दोनशेच्या वर पैही नाही. माझे आकडे समजुतीपुरते आहेत. पण उठावानंतर नेमलेल्या आयोगापुढे शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून जास्त व्याज लावल्याचं एक प्रकरण खरोखरच आलं होतं.

आता दहा वर्षांचं कोडं सुटायला लागतं. युद्धाच्या काळात, १८६१ ते ६५, इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला. त्याआधी इंग्लंडला लागणाऱ्या कच्च्या कापसापैकी सुमारे तीन चतुर्थांश अमेरिकेतून यायचा. मुंबईच्या व्यापाऱ्यांकडे पैसा वाहू लागला, त्यांनी तो तालुक्याच्या सावकारांना दिला, त्यांनी गावातल्या कुळांना. कपाशीच्या एकरामागे शंभर रुपयांपर्यंत उचल मिळू लागली. पैसा सहज मिळतो तेव्हा माणूस खतावर काय लिहिलंय ते वाचत नाही. आणि इथे तर बहुतेकांना वाचताच येत नव्हतं. युद्ध संपलं, अमेरिकेचा कापूस परत बाजारात आला, मुंबईत शेअरबाजार कोसळला. सावकाराने हात आखडता घेतला. पण जुनं कर्ज होतं तिथेच राहिलं. नंतर ते दर तीन वर्षांनी नव्या खतात शिरत गेलं. म्हणजे पासष्ट साली संकट आलं आणि पुढे दहा वर्षं ते खतांमध्ये मुरत राहिलं. कायदा एकोणसाठचा, पण त्याचा चटका लागला तो सत्तरीत. तारखांच्या यादीत त्याची जागा पहिली. कारणांच्या साखळीत मात्र तो अगदी शेवटच्या कड्यांपाशी येऊन बसतो.

वडील आता ऐकत होते. त्यांनी विचारलं, "म्हणजे कापूस हेच मुख्य कारण?"

या प्रश्नाने मला बरं वाटलं, कारण खूप हुशार मुलंही इथेच फसतात. कापूस मुख्य कारण असता तर उठाव कुठे व्हायला हवा होता? खानदेशात. वऱ्हाडात. कपाशीचा खरा मुलूख तो. आणि उठाव झाला तो भीमथडी, शिरूर, इंदापूर, पारनेर, श्रीगोंदा या पट्ट्यात, जिथे पाऊस सह्याद्रीपाशीच थांबतो आणि ज्वारी-बाजरीवर पोट भरायचं असतं. मग साखळीत काहीतरी निसटतंय. नील चार्ल्सवर्थ या अभ्यासकाने १९७२ मध्ये या उठावावर लेख लिहिला आणि त्याच्या शीर्षकातच 'मिथक' हा शब्द घातला. या प्रदेशात कपाशीचं महत्त्व जेवढं सांगितलं जातं तेवढं नव्हतं, आणि उठावही जेवढा मोठा करून सांगितला जातो तेवढा नव्हता, असं त्याचं म्हणणं. ते सगळं मान्य करण्याची गरज नाही. पण 'इथेच का?' हा प्रश्न चुकवता येत नाही.

या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग तिच्या सहाव्या वाक्यात होता. तिने लिहिलं होतं, '१८६७ मध्ये इंदापूर तालुक्यात शेतसारा वाढला.' इंदापूरच का? कारण रयतवारीची नव्या धर्तीची जमाबंदी इंदापुरातच पहिल्यांदा झाली, १८३६ च्या सुमारास, विंगेट आणि गोल्डस्मिड या दोन अधिकाऱ्यांनी. आधीची मोजणी फसली होती, गावं ओस पडत होती, म्हणून त्यांनी दर हलके ठेवले आणि ते तीस वर्षांसाठी कायम केले. छत्तीस अधिक तीस किती? मुलगी लगेच म्हणाली, "सहासष्ट." बरोबर. जिथे तीस वर्षं सगळ्यांत आधी सुरू झाली, तिथेच ती सगळ्यांत आधी संपली. नवे दर ठरवायला अधिकारी आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर युद्धकाळातले चढे भाव होते. रेल्वेही आली होती. त्यांना वाटलं, रयत सुधारली, आता जास्त देऊ शकेल. पन्नास ते शंभर टक्क्यांपर्यंत वाढ झाली. भाव मात्र उतरले. म्हणजे चढत्या भावांवर ठरवलेला सारा उतरत्या भावांच्या काळात भरायची पाळी आली. आणि सारा रोखीत, ठरल्या हप्त्यांना, पाऊस पडो न पडो. तो भरायला माणूस सावकाराकडेच जाणार.

आता एकच वाक्य दोन प्रकारे लिहून बघा. 'युद्ध संपले. त्यानंतर इंदापुरात सारा वाढला.' आणि: 'युद्धकाळातल्या चढ्या भावांवरून रयतेची ऐपत वाढल्याचे सरकारने गृहीत धरले, म्हणून युद्ध संपून भाव पडल्यावरही सारा वाढला.' दुसऱ्या वाक्यात नवी माहिती नाहीच म्हटलं तरी चालेल. तेच युद्ध, तोच सारा. पण पहिल्या वाक्यासाठी मला अर्धा मार्क देता येतो आणि दुसऱ्यासाठी दीड-दोन. कारण ते वाक्य लिहिणाऱ्याला भाव आणि सारा यांच्यातला सांधा कळलाय, हे दिसतं. परीक्षक मनातलं वाचू शकत नाही. मुलीला तो सांधा कदाचित कळला असेलही. मी सांगत होतो तेव्हा मधूनमधून ती 'हो, हो' म्हणत होती. पण कागदावर नव्हता.

पुढे मी तिचं नववं वाक्य काढलं: 'शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या.' माझ्या मते अख्ख्या उत्तरातलं हे सगळ्यांत मोलाचं वाक्य, आणि तिने ते वाटेत लागलेल्या गावासारखं मागे टाकलं होतं. उठाव करणारे लोक काय जाळतात यावरून त्यांचा राग कशावर आहे ते कळतं. सुप्यात बाजाराचा दिवस होता. सुपं आज बारामती तालुक्यात आहे, तेव्हा भीमथडीत. आसपासच्या गावांतून लोक जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांनी मागितली ती खतं आणि वह्या. आयोगाच्या अहवालात एक निरीक्षण आहे: जिथे सावकाराने कागद मुकाट्याने दिले तिथे प्रकरण बहुधा तेवढ्यावरच थांबलं, जिथे त्याने दार लावून घेतलं तिथे मारहाण आणि जाळपोळ झाली. धान्याची दुकानं लुटली गेली, काही घरं पेटवली गेली, पण माणसांना झालेली इजा त्या मानाने थोडी.

का कागद? कारण कोर्टात कागदच बोलत होता. पूर्वी गावातला सावकार गावाच्या धाकात होता. नवीन दिवाणी कोर्टात खत दाखवलं की हुकूमनामा मिळायचा. कुळाला समन्स पोहोचायचं नाही, किंवा पोहोचलं तरी तारखेला तालुक्याला जाणं जमायचं नाही, आणि निकाल एकतर्फी लागायचा. मग जप्ती, लिलाव. करड्याला, शिरूर तालुक्यात, १८७४ च्या अखेरीस हेच झालं. दीडशे रुपयांच्या हुकूमनाम्यावर बाबासाहेब देशमुख यांचं घर लिलावात गेलं, सावकाराने ते घेतलं आणि पाडलं. गाव बिथरलं. सावकाराच्या दुकानातून माल घ्यायचा नाही, त्याच्या शेतात राबायचं नाही. न्हावी, परीट यांनीही त्याचं काम नाकारलं. तिच्या उत्तरात 'करडे गावात बहिष्कार' एवढेच तीन शब्द होते. आधीच्या ओळींशी त्यांचा धागा जुळला असता, तर 'करडे' हे सुप्याचं कारण नसून सुप्याची तालीम होती, हे आपोआप दिसलं असतं. करड्यात गावाने पाठ फिरवली, पण सावकाराची खतं तशीच राहिली. सुप्यात लोक थेट खतांवर गेले.

आणि रोष मुख्यत्वे गुजराती-मारवाडी सावकारांवर का? यावर सावध लिहावं लागतं, कारण आजच्या भांडणांची भाषा इथे लगेच शिरते. अहवालात नोंद आहे की स्थानिक सावकार, विशेषतः ब्राह्मण, बऱ्याच ठिकाणी सुटले. व्याज तेही घेत होते. पण ते गावच्या नात्यागोत्यात, मानपानात अडकलेले होते. बाहेरून आलेल्याचं गावाशी नातं खताएवढंच होतं. अर्थात, हे उठावाचं कारण नव्हे. उठाव कोणत्या दिशेने वळला एवढंच यातून कळतं. कारण आणि दिशा यांतला हा फरक उत्तरात एका ओळीत मांडला असता तर मी खूश झालो असतो.

परिणामांच्या भागात तिच्याकडे दोन सालं होती, अठ्ठ्याहत्तर आणि एकोणऐंशी. मुंबई सरकारला सुरुवातीला हे प्रकरण फार गंभीर वाटलं नव्हतं. चौकशीचा आग्रह कलकत्त्याच्या हिंदुस्थान सरकारने धरला. का? सत्तावन्नला अठराच वर्षं झाली होती. सरकारने आयोगाला मुद्दाम विचारलं होतं की साऱ्याची पातळी हे उठावाचं कारण आहे का. आयोगाने पुरावे मांडले आणि सांगितलं: नाही, दोष सावकारांचा. दोष असा वाटला गेला म्हणून १८७९ चा कायदा साऱ्याबद्दल न होता सावकारीबद्दल झाला. पुणे, अहमदनगर, सातारा आणि सोलापूर या चार जिल्ह्यांत कोर्टांना सांगितलं गेलं की नुसतं खत पाहू नका, त्यामागचा मूळ हिशेब तपासा. आणि कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचं बंद झालं. आयोग वेगळ्या निष्कर्षाला आला असता तर कायदाही वेगळा झाला असता. 'आयोगाचा अहवाल आला, त्यानंतर कायदा झाला' या वाक्यात हे सगळं पुसून जातं.

मी तिला म्हटलं, पुन्हा लिहून आण. सालं तीच, नवीन एकही नको. फक्त प्रत्येक 'त्यानंतर'च्या जागी 'त्यामुळे' घालून बघ. वाक्य खोटं झालं तर मध्ये काय राहिलंय ते शोध.

दोन दिवसांनी तिने आणलं. आणि मला हसू आलं, कारण आता दुसरं टोक गाठलं होतं. सगळीकडे 'त्यामुळे'. शिवाय उत्साहाच्या भरात तिने एक वाक्य वाढवलं होतं: '१८७० मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली, त्यामुळे शेतकऱ्यांनी उठाव केला.' सभेने साऱ्याच्या ओझ्याबद्दल चौकशी केली होती, अर्ज केले होते, हे खरं. पण भीमथडीचा कुणबी सभेचा अर्ज वाचून सुप्याला गेला नव्हता. सत्तर हे पंच्याहत्तरच्या आधी येतं म्हणून ते कारण होत नाही. जुनं 'त्यानंतर'च इथे 'त्यामुळे'चा सदरा घालून आलं होतं. कुठल्या गोष्टीने कुठली गोष्ट कशी घडवली ते सांगता येत नसेल, तर 'त्यामुळे' लिहू नये. सभेचं वाक्य मी खोडलं, आणि शेजारी लिहिलं: 'हेच ओझं शहरातल्या शिकलेल्यांनाही दिसत होतं, एवढं म्हण.'

बाकीचं उत्तर मात्र चांगलं होतं. तीन वर्षांच्या खताचं गणित तिने चार ओळींत नेमकं बसवलं होतं, आणि 'म्हणून उठावात माणसांपेक्षा कागद जास्त जळाले' हे वाक्य तिचं स्वतःचं होतं. मी तसं कुठेही सांगितलं नव्हतं. या वेळी सहा दिले. वडील सोबत नव्हते.

"दोन कुठे गेले?" तिने विचारलं.

"कायद्यानंतर काय झालं ते लिहिलं नाहीस."

"पुस्तकात नाही, सर. कायदा झाला, धडा संपला."

मग मी तिला सांगितलं की कायदा झाला तेव्हा सावकारही कायदा वाचत होता. कोर्ट आता खताच्या मागे जाऊन हिशेब तपासणार म्हटल्यावर त्याने गहाणखतावर पैसे देणं कमी केलं आणि सरळ खरेदीखत मागायला लागला. जमीन माझ्या नावावर लिहून दे, पैसे फेडलेस की परत देईन, असं तोंडी. खरेदीखतात व्याज नाही, मुद्दल नाही, हिशेबच नाही. कोर्टाने तपासायचं काय? आणि ज्याच्याकडे लिहून द्यायला जमीनच नव्हती, त्याला उधार मिळणं आणखी कठीण झालं.

तिने वही उघडली आणि १८७९ च्या खाली रिकाम्या जागेत लिहायला सुरुवात केली. पहिला शब्द 'त्यामुळे' होता. दुसरा लिहायच्या आधी ती थांबली, पेन टेबलावर ठेवला आणि मला विचारलं, "सर, पण मग लोक खरेदीखत लिहून देत का होते?"

"सारा भरायचा होता," मी म्हटलं. "तो कुठे कमी झाला होता?"